मदत हवी आहे: पाणलोट सहलीचं पालकांना पत्र

मी भूगोल शिकवते, नववीच्या मुलांना जवळच्या ओढ्यावर पाणलोट क्षेत्र बघायला न्यायचंय आणि पालकांना पत्र लिहितेय, पण एका जागी अडकलेय. मुलं ओढ्यात उतरून प्रवाह मोजणार आहेत म्हटलं की पालक घाबरणार, आणि ते लपवायचं तर मला अजिबात पटत नाही.

मोजायची पद्धत सोपी आहे. १० मीटर अंतर आखायचं, संत्रं सोडायचं, समजा २० सेकंद लागले तर वेग सेकंदाला ०.५ मीटर. पात्र २ मीटर रुंद, सरासरी खोली २० सेंटीमीटर, म्हणजे सेकंदाला २०० लिटर, पण तळाशी पाणी हळू वाहतं म्हणून ०.८५ ने गुणायचं, मग साधारण १७० लिटर. एवढं पत्रात टाकलं तर मुलं पाण्यात का उतरतायत ते कळेल असं वाटतं.

खरी भीती खोलीची नाहीये, गुडघ्याच्या वर पाणी असेल तर कोणी उतरणारच नाही. पण वरच्या भागात पाऊस झाला तर इथे ऊन असलं तरी पाणी चढतं, ते आधी गढूळ होतं, काटक्या-पाला वाहत येतो, तसं दिसलं की सगळे लगेच काठावर. आदल्या रात्री वर पाऊस झाला तर सहल रद्द.

हे पालकांना न घाबरवता पण स्पष्ट कसं लिहू? आणि पाण्यात उतरायची संमती वेगळी घ्यावी का, म्हणजे नको म्हणणाऱ्यांची मुलं काठावर नोंदी घेतील? कोणी असं पत्र लिहिलं असेल तर प्लीज सांगा.