मदत हवी आहे: जीएसटीच्या ASMT-10 नोटिशीला बाबांनी लिहिलेलं उत्तर सुटसुटीत करायचं आहे

मुक्ता_सांगली
बाबांचं हार्डवेअरचं दुकान आहे. २०२२-२३ साठी ASMT-10 आली आहे. मागणी अशी: आम्ही भरलेल्या GSTR-3B विवरणपत्रात खरेदीवरच्या कराचं घेतलेलं क्रेडिट ६,८४,३१० रुपये, पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांवरून बनणाऱ्या GSTR-2B मध्ये दिसणारं ६,२१,०७०, जास्तीचं ६३,२४० रुपये, खुलासा करा. उत्तराला तीस दिवस आहेत, त्यातले बरेच गेले.

बाबांनी स्वतःच्या हाताने उत्तर लिहिलं आहे. ते असं:

"महोदय, आम्ही गेली अनेक वर्षे प्रामाणिकपणे व्यापार करीत असून आजवर एक रुपयाही कर बुडवलेला नाही. कोरोनात दुकान बंद होते तरी आम्ही रिटर्न भरले. आमचे अकाउंटंट मध्येच सोडून गेले. काही बिले आधीच्या वर्षाची आहेत, काही भाड्याचा टॅक्स आहे, एक बिल चुकून दोनदा लागले आहे व एका पार्टीने आमचे बिल दाखविलेच नाही यात आमचा दोष नाही. तरी कृपया सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा व लहान व्यापाऱ्यास त्रास देऊ नये ही नम्र विनंती."

खोटं यात काही नाही. पण वाचून कुणाला काही कळेल असं वाटत नाही. कसं मांडू?

पुणेरी_पेन्शनर
आधी घाबरू नका. मलाही गेल्या वर्षी अशीच नोटीस आली होती, फॉर्म २६एएसमध्ये टीडीएस कमी दिसत होता. ई-फाइलिंगवर 'असहमत' निवडायचं, झालं काम.

मुक्ता_सांगली
काका, ती आयकराची. ही जीएसटीची आहे.

हिशेबाचा_माणूस
मुक्ता, बाबांच्या पत्रातलं तिसऱ्या-चौथ्या ओळीतलं वाक्य तेवढं कामाचं आहे, बाकीचं काढा. 'आम्ही प्रामाणिक आहोत' हा अधिकाऱ्याच्या प्रश्नाचा मुद्दाच नाही. त्याच्यापुढे एकच आकडा आहे: ६३,२४०. तुमचं उत्तर म्हणजे त्या आकड्याची फोड, आणि फोडीची बेरीज रुपयासकट ६३,२४० यायला हवी. त्या चार कारणांपुढे रकमा लिहा, मग बोलू. खरेदी सगळी महाराष्ट्रातली आहे का, तेही सांगा. नोटिशीत केंद्र आणि राज्य कराचे आकडे वेगळे असतील तर फोडही तशीच दाखवावी लागेल.

मुक्ता_सांगली
सगळी राज्यातलीच खरेदी, त्यामुळे निम्मं-निम्मं. खतावणी काढून बसले:
मार्च २०२२ ची बिलं, क्रेडिट एप्रिलच्या 3B मध्ये घेतलं: २७,९००
ट्रकभाड्यावर आरसीएमने, म्हणजे ट्रकवाल्याऐवजी आपणच, रोख भरलेला कर: ११,३४०
एक बिल दोनदा: १८,०००
पार्टीने न दाखवलेलं बिल: ६,०००
बेरीज ६३,२४०.

व्यापारीमित्र
६,००० चं टेन्शन घेऊ नका. २०२२ चं एक परिपत्रक आहे, क्रमांक १८३. पुरवठादाराकडून कर भरल्याचं प्रमाणपत्र आणलं की क्रेडिट मान्य होतं. माझ्या मेव्हण्याचं असंच सुटलं.

हिशेबाचा_माणूस
मेव्हण्याचं वर्ष कुठलं होतं? ते परिपत्रक २०१७-१८ आणि २०१८-१९ साठी आहे. पुढे २०२३ च्या १९३ क्रमांकाच्या परिपत्रकाने ते डिसेंबर २०२१ पर्यंत ओढलं. १ जानेवारी २०२२ पासून बिल 2B मध्ये दिसलं तरच क्रेडिट, असा नियम आहे. त्यामुळे २०२२-२३ ला ती सवलत लागत नाही. उत्तरात तिचा हवाला दिलात तर बाकीच्या बरोबर मुद्द्यांवरही संशय येईल.

मुक्ता, आता एकेक घ्या. २७,९०० सर्वांत भक्कम आहे. बिलं मार्च २०२२ च्या 2B मध्ये आहेत आणि क्रेडिट ३० नोव्हेंबर २०२२ च्या मुदतीत घेतलंय. पण अधिकारी लगेच विचारेल की मार्चमध्येही घेतलं नव्हतं कशावरून. म्हणून मार्चची 2B, मार्चची 3B आणि दोन्हींचा ताळमेळ असे तिन्ही कागद जोडा. बहुतेक लोक फक्त 2B जोडतात आणि तिथेच अडतात.

भाड्याच्या बाबतीत 3B चा तक्ता पाहा. आरसीएमचं क्रेडिट बहुधा 'इतर सर्व आयटीसी'च्या रकान्यात पडलं असेल, म्हणून ते जास्तीचं दिसतंय. ११,३४० म्हणजे पाच टक्क्यांनी २,२६,८०० रुपयांचं भाडं. तेवढ्याच रकमा 3.1(d) मध्ये रोख भरल्या आहेत हे चलनांनी दाखवा, बिल्ट्या जोडा.

१८,००० सरळ मान्य करा. मान्य केल्याने बाकीचं खरं वाटतं. पोर्टलवरच्या DRC-03 या भरणा फॉर्मने भरा, त्यात भरण्याचं कारण म्हणून 'Scrutiny' निवडा आणि चलनाचा क्रमांक उत्तरात लिहा. व्याजाचं मात्र आधी बघा. चुकीचं क्रेडिट नुसतं घेतलं असेल तर व्याज नाही, वापरलं असेल तरच १८ टक्के. आणि क्रेडिट लेजरची शिल्लक त्या रकमेच्या खाली गेली तरच 'वापरलं' धरतात.

मुक्ता_सांगली
बाबा म्हणतात लेजरमध्ये कायम चाळीसेक हजार पडून असतात.

हिशेबाचा_माणूस
'म्हणतात' पोर्टलवर चालत नाही. लेजर डाउनलोड करून बिल दोनदा लागल्यापासून आजपर्यंतची सर्वांत कमी शिल्लक बघा.

मुक्ता_सांगली
पाहिलं. सर्वांत कमी २२,४५०, एकदाच. १८,००० च्या खाली कधीच नाही. मग व्याज नाही ना? नवा मसुदा असा केला:

"संदर्भ: ASMT-10, क्रमांक ___, दिनांक ___, कालावधी २०२२-२३. नोटिशीतील फरक ६३,२४० रुपये आम्हांस मान्य आहे. त्याची फोड पुढीलप्रमाणे.
१) २७,९०० रुपये: मार्च २०२२ च्या बिलांचे क्रेडिट, एप्रिल २०२२ मध्ये प्रथमच घेतले (जोडपत्र अ).
२) ११,३४० रुपये: मालवाहतुकीवर आरसीएमने रोख भरलेला कर (जोडपत्र आ).
३) १८,००० रुपये: दुबार नोंद. DRC-03 क्रमांक ___ ने भरणा केला. या काळात क्रेडिट लेजरची शिल्लक २२,४५० रुपयांच्या खाली गेलेली नाही, म्हणून व्याज देय नाही (जोडपत्र इ).
४) ६,००० रुपये: ...
विनंती: वरील खुलासा मान्य करून ASMT-12 द्वारे कार्यवाही बंद करावी. कोणताही मुद्दा अमान्य करावयाचा असल्यास त्यापूर्वी समक्ष म्हणणे मांडण्याची संधी द्यावी."

चौथ्यात काय लिहू?

हिशेबाचा_माणूस
मसुदा चांगला झालाय. एक बदल: 'फरक मान्य आहे' ऐवजी 'फरकाची आकडेमोड बरोबर आहे' लिहा. नाहीतर उद्या कुणी म्हणेल मागणीच मान्य केली.

चौथ्याचा गुंता व्याजाशी आहे. ते ६,००० ही चुकीचं क्रेडिट ठरलं तर एकूण २४,००० होतात, आणि तुमची शिल्लक २२,४५० वर आली होती. म्हणजे १,५५० रुपये वापरले असं धरतील. व्याज किरकोळ होईल, पण तिसऱ्या मुद्द्यातलं 'व्याज देय नाही' हे वाक्य तेव्हा डळमळेल. ते बिल पार्टीने मुळात कुठे दाखवलं होतं?

मुक्ता_सांगली
विचारलं. त्यांनी ते किरकोळ ग्राहकांच्या विक्रीत टाकलं होतं. कर भरलाय म्हणतात, GSTR-1 ची प्रत द्यायला तयार आहेत. दुरुस्ती होईल का?

हिशेबाचा_माणूस
त्या वर्षाची दुरुस्ती ३० नोव्हेंबर २०२३ ला बंद झाली.

व्यापारीमित्र
मग भांडा. सरकारला कर मिळालाय, दोनदा कसा घेतील? कोर्टात असे निकाल लागलेत.

खटपट्या
६,००० साठी कोर्ट? सीएची फी त्याहून जास्त होईल. भरा आणि मोकळे व्हा.

हिशेबाचा_माणूस
कोर्टांचे निकाल दोन्ही बाजूंनी आहेत. भरायचे नसतील तर चौथ्यात एवढंच लिहा: पुरवठादाराने कर भरला आहे, बिल किरकोळ विक्रीत दाखवले गेले, त्याचे पत्र व GSTR-1 ची प्रत जोडली आहे. अमान्य झालं तर पुढची नोटीस DRC-01 येईल, तेव्हा भरता येईल. भरायचे असतील तर आत्ताच १८,००० बरोबर भरा आणि १,५५० वरचं व्याज रोखीने द्या.

मुक्ता_सांगली
बाबा भरायला तयार नाहीत, 'चूक त्यांची, पैसे आपण का' एवढंच म्हणतायत. पार्टीचं पत्र सोमवारपर्यंत आलं तर खुलासा लिहिते, नाही आलं तर भरायला लावते. लेजरची पानं जोडताना पूर्ण वर्ष जोडू की ज्या महिन्यात शिल्लक सर्वांत कमी होती तेवढाच?

हिशेबाचा_माणूस
दुबार नोंदीच्या महिन्यापासून आजपर्यंत सगळी. तेवढाच महिना जोडलात तर बाकीचे महिने मागवून घेतील.