मदत हवी आहे: कॅनडा पीआरसाठी 10 वर्षांचे पत्ते आणि प्रवासाच्या तारखा, कागद अर्धेच आहेत

उल्हासकाठ: फॉर्ममध्ये 10 वर्षांचे पत्ते आणि सगळे परदेश प्रवास मागितलेत. 2017 ते 2019 मधल्या तारखा नीट आठवत नाहीत. अंदाजे टाकल्या तर चालतील का? 19 दिवस उरलेत, प्लीज लवकर सांगा.

सुनेत्रा_ठाणे: आयटीए, म्हणजे पीआरच्या अर्जाचं आमंत्रण, आलाय का? भाड्याने राहत होतात की स्वतःच्या घरात? जुना पासपोर्ट आहे का?

उल्हासकाठ: हो, एक्स्प्रेस एंट्री, आयटीए आलाय. जुना पासपोर्ट जुलै 2019 च्या बदलापूरच्या पुरात भिजला. तळमजल्यावर राहायचो. पानं एकमेकांना चिकटली, शिक्क्यांची शाई पसरून निळे डाग राहिलेत. त्याआधी अंधेरीत पीजी होतो, करार नव्हता.

पार्लेकर: एवढं डोकं कशाला लावताय? दहाही वर्षं आधारवरचा पत्ता टाका. भाच्याने तसंच केलं, झालं त्याचं.

सुनेत्रा_ठाणे: काका, असं नका सांगू. नोकरीचा इतिहास त्याच फॉर्ममध्ये असतो. नोकरी अंधेरीत आणि पत्ता गावचा दिसला की अधिकारी विचारणारच. चुकीची माहिती ठरली तर 5 वर्षं अर्ज करता येत नाही. प्रत्यक्ष जिथे झोपत होतात तो पत्ता द्यायचा. उल्हासकाठ, पत्त्यांना दिवस लागत नाही, महिना आणि वर्ष पुरतं. फक्त मध्ये एकही महिना रिकामा राहता कामा नये. पीजीचं भाडं बँकेतून द्यायचात ना? पहिली आणि शेवटची एंट्री काढा.

उल्हासकाठ: काढली. पहिलं भाडं जून 2017, शेवटचं जानेवारी 2018. बदलापूरचा करार 15 जानेवारीपासून आहे.

सुनेत्रा_ठाणे: मग जानेवारी दोन्हीकडे येऊ द्या. पुरानंतर कुठे होतात?

उल्हासकाठ: मुलुंडला ताईकडे, डिसेंबरपर्यंत. जानेवारी 2020 पासून ठाण्यात. ताईकडचा काहीच कागद नाही, म्हणून ते गाळणार होतो.

गिरणगाव_87: गाळून टाका, पुरावा कोण मागतो. मी अमेरिकेच्या डीएस-160 मध्ये कितीतरी पत्ते दिलेच नव्हते.

सुनेत्रा_ठाणे: डीएस-160 तात्पुरत्या व्हिसाचा फॉर्म, इथे त्याचा संबंध नाही. मुलुंड लिहा: जुलै ते डिसेंबर 2019. पत्त्याचा कागद जोडावा लागत नाही, पण पाच महिने मोकळे सोडलेत तर अर्ज अपुरा म्हणून परत येऊ शकतो. एलओईमध्ये, म्हणजे खुलाशाच्या पत्रात, दोन ओळी टाका: पूर आला, बहिणीकडे राहिलो. ठाण्याचा करार नोंदणीकृत असेल तर आयजीआर म्हणजे नोंदणी विभागाच्या साइटवर इंडेक्स टू, म्हणजे कराराच्या नोंदणीचा उतारा, शोधा, तारीख नक्की होईल. आता प्रवास सांगा.

उल्हासकाठ: 2016 ला नेपाळ, रस्त्याने, सोनौलीहून. 2018 मध्ये कंपनीने दुबईला पाठवलं, 2 एप्रिल ते 30 ऑक्टोबर. मे 2019 ला सिंगापूर.

सुनेत्रा_ठाणे: थांबा. दुबई प्रवासात लिहिलंत का? सात महिने राहिलात म्हणजे तो पत्तासुद्धा आहे, आणि सलग सहा महिने किंवा जास्त राहिलेल्या देशाचं पोलीस सर्टिफिकेट लागतं. ते आजच सुरू करा.

उल्हासकाठ: बापरे. हे कोणीच सांगितलं नव्हतं. पण मध्ये गणपतीला आठ दिवस घरी आलो होतो. मग सलग कसं?

पार्लेकर: मग सलग नाही. सर्टिफिकेट नको.

सुनेत्रा_ठाणे: गणपती 13 सप्टेंबरला होता. त्याआधी निघालात म्हणजे 2 एप्रिलपासून सुमारे सव्वापाच महिने भरतात, काका म्हणतात ते शब्दशः बरोबर आहे. पण खोली दुबईतच चालू होती, अधिकारी ते एकच वास्तव्य धरू शकतो. आणि तुम्ही आला होतात हे दाखवायला शिक्का उरलेला नाही. म्हणून दोन्ही करा: मेलमध्ये "PNR" आणि "e-ticket" टाकून सप्टेंबर 2018 ची तिकिटं शोधा आणि सर्टिफिकेटचा अर्जही टाका. वेळेत आलं नाही तर अर्जाची पावती एलओईसोबत जोडा.

गिरणगाव_87: आठ दिवसांच्या तिकिटाचे पैसे कंपनीने दिले की स्वतः? आमची कंपनी मधल्या सुट्टीचं तिकीट देत नाही.

उल्हासकाठ: स्वतः. तिकीट सापडलं! मुंबईला 11 सप्टेंबर, परत 19. मात्र रात्री 1:40 चं विमान होतं, कुठली तारीख धरू?

सुनेत्रा_ठाणे: दुबईत ज्या तारखेला उतरलात ती. सिंगापूरचं क्रेडिट कार्डाच्या स्टेटमेंटवरून मिळेल, परकीय चलनातला पहिला आणि शेवटचा खर्च बघा. नेपाळला भारतीयांना शिक्का लागत नाही, तरी प्रवास लिहायचाच.

उल्हासकाठ: नेपाळचं फक्त महिना आठवतो, मे. फॉर्म दिवस मागतोय. पोखऱ्यातल्या फोटोंवर तारीख आहे, 17 ते 20. सीमा कधी ओलांडली ते नाही कळत.

सुनेत्रा_ठाणे: फोटोंवरून सर्वांत जवळची तारीख टाका आणि "अंदाजे, फोटोंवरून" असं एलओईमध्ये लिहा. दुबईचं सलग-बिसलगचं मात्र माझं मत आहे, कोणाला अनुभव असेल तर सांगा.