पोटबेरजेनुसार क्रमवारी की वर्गवारी?

साखळीची लेखनिक: आमच्या सोसायटीचा काजू-बी खरेदीचा तक्ता तालुकावार असतो. तालुक्याखाली गावं आणि तळाला त्या तालुक्याची बेरीज. यंदा अध्यक्षांना जास्त खरेदीचा तालुका वर हवाय, पण गावं आपापल्या तालुक्यातून हलता कामा नयेत. मी शीर्षक दिलं 'बेरजेनुसार वर्गवारी'. एक संचालक म्हणतात, 'क्रमवारी' पाहिजे. शिवाय त्या मधल्या बेरजेला काय म्हणायचं?

पणजीचे मुद्रितशोधक: वर्गवारी म्हणजे गट पाडणे, क्रमवारी म्हणजे वरखाली लावणे. गट तुमचे आधीच पडलेले आहेत, म्हणून संचालकांचं बरोबर. मधल्या बेरजेला 'पोटबेरीज' म्हणा. पोटकलम, पोटहिस्सा आपण रोज लिहितोच. 'उपबेरीज'ही चूक नाही, पण मला ती सरकारी वाटते.

मडगाववाला: एवढी चर्चा कशाला? किलोच्या रकान्यावर उतरता क्रम लावा, झालं काम.

जुना हिशेबनीस, फोंडा: उतरता क्रम बरोबर, रकाना चुकला. समजा, सत्तरीत केरी ४२० किलो आणि होंडा ३१०. डिचोलीत साखळी ५०० आणि मये १५०. किलोवर लावलंत तर साखळी पहिली आणि मये शेवटची, मध्ये सत्तरीची गावं. म्हणजे डिचोली फाटली. खरं तर सत्तरीची पोटबेरीज ७३० आणि डिचोलीची ६५०, तेव्हा सत्तरी अख्खी वर यायला हवी. त्यासाठी प्रत्येक गावाच्या ओळीत त्याच्या तालुक्याची बेरीज लिहिलेली लागते. एक्सेलमध्ये A रकान्यात तालुका, B मध्ये गाव, C मध्ये किलो असेल, तर D मध्ये हे सूत्र घालून खालपर्यंत ओढा:

```
=SUMIF(A:A,A2,C:C)
```

केरी आणि होंडा दोघांसमोर ७३० येईल. आता आधी D वर उतरता क्रम, त्यानंतर C वर उतरता. मात्र आधीच्या पोटबेरजेच्या ओळी काढून टाका आणि क्रम लागल्यावर `Data` मधल्या `Subtotal` ने पुन्हा घाला. त्या तशाच ठेवल्या तर त्यांचाही वेगळा गट होऊन बसतो.

ताळगावची शिक्षिका: आमच्याकडे वर्गवारी म्हणजे इयत्तेप्रमाणेच. निकालपत्रकात मी एकूण गुणांवर क्रम लावते. दोघांचे गुण सारखे आले तर दोघांनाही एकच क्रमांक देते. तुम्हीही तालुक्यांना क्रमांक द्या ना.

जुना हिशेबनीस, फोंडा: बाय, इथे क्रमांक द्यायचा नाही, पण तुम्ही नेमकी दुखरी जागा दाखवलीत. समजा पेडण्यात कोरगाव ३८० आणि मांद्रे ३५०. तिथेही ७३०! मग मी सांगितलेल्या क्रमाने केरी, कोरगाव, मांद्रे, होंडा असं लागेल, कारण D सगळ्यांचा सारखाच आणि पुढे फक्त किलो बघितले जातात. सत्तरीच्या पोटात पेडणे. `Subtotal` तर A मधलं नाव बदललं की बेरीज घालतं, त्यामुळे सत्तरी दोनदा छापली जाईल, एकदा ४२० आणि एकदा ३१०. म्हणून मधे A हवाच: आधी D उतरता, मग A, मग C उतरता. A चढता की उतरता, ते कसंही चालेल.

साखळीची लेखनिक: सर, करून बघितलं. सत्तरी, पेडणे जागेवर आले, पण डिचोलीच्या दोन पोटबेरजा येतात, ५०० आणि १५०.

जुना हिशेबनीस, फोंडा: कोणीतरी एका ओळीत 'बिचोली' लिहिलं असणार. नाहीतर नावामागे रिकामी जागा राहिली असेल. डोळ्याला सारखं दिसतं, एक्सेलला नाही. पोटबेरजा मोजा. तालुक्यांपेक्षा जास्त निघाल्या की असंच काहीतरी असतं.

साखळीची लेखनिक: मये 'बिचोली'त होतं! आता डिचोली ६५०, तिसरी.

मडगाववाला: मी पिव्होट टेबल करतो. पोटबेरजेवर उजवी क्लिक करून मोठ्याकडून लहान लावतो. तालुका फुटत नाही.

जुना हिशेबनीस, फोंडा: हे मात्र पटलं. त्यात गट आधी बांधलेलाच असतो. पण अध्यक्षांना कागदावर जुनाच साचा हवा असेल तर D चाच रस्ता.

पणजीचे मुद्रितशोधक: मग शीर्षक 'तालुक्यांच्या पोटबेरजेनुसार क्रमवारी' ठेवा. नुसतं 'बेरजेनुसार' म्हटलं तर साखळी ५०० असूनही तळात का, असं कोणीतरी विचारणारच.

साखळीची लेखनिक: ठेवते. D रकान्याला नाव काय देऊ? 'पोटबेरीज' दिलं तर लोक तो रकानाच पुन्हा बेरजेला धरतील.

जुना हिशेबनीस, फोंडा: छापताना लपवा तो. आणि गाळणी लावून काही गावं झाकली असतील तर सांभाळा. `SUMIF` झाकलेल्या ओळीही मोजतं, `Subtotal` ची बेरीज गाळलेल्या ओळी सोडते. क्रम एका आकड्याचा आणि छापलेला आकडा दुसराच, असं होतं.

पणजीचे मुद्रितशोधक: 'क्रमबेरीज' कसं वाटतं?

मडगाववाला: असा शब्द कोणी ऐकलाय का हो?