मदत हवी आहे: पाळी बदलली की आठवण चुकते

आम्ही तिघं पुण्यात एका फ्लॅटवर राहतो. ओटा, बाथरूम आणि कचरा अशी कामं दर सोमवारी पुढच्याकडे जातात. ओट्यावर कोण, ते शीटमधल्या या सूत्रातून कळतं:

```
=INDEX(A2:A4,MOD(INT((TODAY()-DATE(2024,1,1))/7),3)+1)
```

आठवड्याचा क्रमांक मुद्दाम वापरलेला नाही. 52 आणि 1, दोन्हींना 3 ने भागलं तर बाकी 1 उरते, म्हणजे नव्या वर्षात त्याच माणसावर लागोपाठ दोनदा पाळी येते.

अडतंय ते अदलाबदलीला. कुणी गावी गेलं की दोघं आपसांत पाळी बदलतात, पण सोमवारी सकाळी शीट बघून ग्रुपवर आठवण टाकतो तेव्हा जुनंच नाव जातं. मग ओला कचरा तसाच राहतो, वास सुटतो आणि वाद होतात. A2:A4 मधली नावं हलवली तर पुढचे सगळे आठवडे बदलतात. फक्त त्याच आठवड्यापुरतं नाव बदलून मूळ क्रम तसाच कसा ठेवायचा? कुणी अशी सोय केली असेल तर कृपया सांगा.