मदत हवी आहे: मीटर ब्रिजवर R बदलला की X पण बदलतो, टोकांची दुरुस्ती कशी काढू?

शिरपूरकर_ताई

नमस्कार मंडळी. मी धुळे जिल्ह्यातल्या एका ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते. सुट्टीत प्रयोगशाळा लावायला घेतली आहे, जूनमध्ये पोरं आली की खोळंबा नको म्हणून. मीटर ब्रिजवर अडले आहे.

डाव्या गॅपमध्ये अज्ञात कॉइल (X), उजव्या गॅपमध्ये रेझिस्टन्स बॉक्स (R). शून्य विक्षेपाची जागा डाव्या टोकापासून मोजली. नेहमीचं सूत्र वापरलं:

```
X = R × l / (१०० − l)
```

R = १ ओहम, l = ६७.३ सेमी, X = २.०६
R = २ ओहम, l = ५०.३ सेमी, X = २.०२
R = ५ ओहम, l = २८.४ सेमी, X = १.९८
R = १० ओहम, l = १६.२ सेमी, X = १.९३

प्रत्येक वाचन तीनदा घेतलं, एक मिलिमीटरच्या आत जुळतंय. म्हणजे हात चुकत नाही, पण उत्तर एका दिशेने सरकतंय. दोन्ही टोकांना तारेशी जोडलेल्या तांब्याच्या पट्ट्यांचा रोध यात येतो असं ऐकलं आहे, पण तो काढायचा कसा ते नीट कळत नाही. आणि इथे दुपारी वर्गात पंख्याखालीही भट्टी आहे, तर उन्हाने कॉइल तापून असं होत असेल का?

धुळे_क्लासवाला

ताई, एवढं खोलात जायची गरज नाही. X आणि R ची अदलाबदल करा, दोन्ही वेळेस लांबी घ्या आणि सरासरी काढा. टोकांची चूक आपोआप कटते. मी इतकी वर्षं मुलांना हेच सांगतो, प्रॅक्टिकलला कधी अडचण आली नाही.

केळीबाग_रावेर

धागा वाचला, माझंही असंच आहे म्हणून लिहितो. विहिरीतल्या सबमर्सिबल पंपाचं वायंडिंग मल्टिमीटरवर २.१ ओहम दाखवतं. पण नुसत्या दोन पिना एकमेकींना टेकवल्या तरी ०.४ दाखवतो. मोटर जळाली का मीटर बिघडला? या ब्रिजवर वायंडिंग मोजता येईल का?

जुना_लॅबवाला_भुसावळ

ताई, पहिलं म्हणजे ऊन बाजूला ठेवा. कॉइल तांब्याची असली तरी एका अंशाला रोध साधारण ०.४ टक्के वाढतो, आणि तापली की वाढतो, कमी होत नाही. तुमचा X २.०६ वरून १.९३ वर उतरलाय, सहा टक्के. त्यासाठी कॉइल पंधरा-सोळा अंश थंड व्हायला हवी. आपल्या खान्देशात मे महिन्यात? मँगनिन किंवा कॉन्स्टंटनची असेल तर तापमानाचा प्रश्नच नाही.

आता तुमच्या आकड्यांकडे बघा. R = १० ला बिंदू डाव्या टोकाजवळ, १६.२ वर आहे. डाव्या पट्टीचा आणि तारेच्या सांध्याचा रोध साधारण ०.८ सेंटीमीटर तारेएवढा आहे असं धरा. म्हणजे खरी लांबी १७ आणि आपण मोजली १६.२. सोळात पाऊण-एक सेंटीमीटर कमी म्हणजे पाच टक्के, म्हणून X कमी आला. R = १ ला बिंदू उजवीकडे सरकला, उरलेला तुकडा ३२.७. तिथे उजव्या टोकाची भर आपण सोडली, म्हणून R ची बाजू तोकडी झाली आणि X जास्त आला. बिंदू ज्या टोकाजवळ, त्या टोकाची चूक बोलते. सरकण्याचं कारण हेच.

क्लासवाले भाऊ, तुमचं म्हणणं R = २ ला बरोबर आहे. बिंदू मधोमध असेल तर अदलाबदल केल्यावर ते कटतं. पण R = १० ला अदलाबदल करून बघा म्हणावं, मग बोलू.

रेझिस्टन्स बॉक्स दोन आहेत का ताई? असतील तर X काढून ठेवा. डाव्या गॅपमध्ये P = १, उजव्यात Q = १०, शून्य बिंदू l₁. मग अदलाबदल, l₂. बॉक्सच्या वायरी बॉक्सबरोबरच न्यायच्या, त्यांची सरमिसळ करू नका. दोन्ही टोकांची भर सेंटीमीटरमध्ये α आणि β:

```
α = (P·l₂ − Q·l₁) / (Q − P)
L = (l₂ − l₁)(P + Q) / (Q − P)
β = L − १०० − α
```

L म्हणजे दोन्ही टोकं धरून तारेची एकूण लांबी. P आणि Q मध्ये भरपूर फरक ठेवा, तरच बिंदू टोकांजवळ जातो आणि टोकं बोलतात. दोन्ही सारखे घेतले तर खाली शून्य येईल.

रावेरचे दादा, एवढ्यावरून मोटर जळाली असं म्हणता येत नाही आणि मीटरही ठीक आहे. ते ०.४ म्हणजे पिना आणि त्यांच्या वायरींचा रोध, वाचनातून वजा करा. तुमचं वायंडिंग १.७ च्या आसपास. ब्रिजवर नक्की मोजता येईल, पण आधी स्टार्टरकडची केबल पूर्ण सोडा. वायंडिंगला बॅटरीची की आधी दाबायची, थोडं थांबायचं, मगच जॉकी टेकवायची, नाहीतर सुरुवातीच्या झटक्याने गॅल्व्हानोमीटरची सुई फसवते. आणि तिन्ही फेजचे आकडे एकमेकांशी जुळतात का, हे आकड्यापेक्षा महत्त्वाचं.

शिरपूरकर_ताई

सर, मनापासून आभार. दोन बॉक्स आहेत. l₁ = ८.५, l₂ = ९२.१ आले.

α = (९२.१ − ८५) / ९ = ०.७९ सेमी
L = ८३.६ × ११ / ९ = १०२.१८ सेमी
β = १.३९ सेमी

मग दुरुस्त सूत्र X = R(l + α) / (१०० − l + β) वापरून तीच चार वाचनं पुन्हा मांडली: २.००, २.००, २.००, १.९९. पहिल्या तिन्ही जागी २.०० बघून बराच वेळ वहीकडेच बघत बसले.

क्लासवाल्या दादांचंही करून बघितलं. R = १० ला अदलाबदल केली तर l = ८४.४ आला, म्हणजे X च्या बाजूला १५.६. सरासरी १५.९, आणि X = १.८९. दुरुस्ती न केलेल्या १.९३ पेक्षाही लांब गेलं! R = २ ला मात्र पुन्हा ५०.३ आला, आणि सरासरी बरोबर २.०० देते.

धुळे_क्लासवाला

हे मला माहीत नव्हतं. माझी मुलं नेहमी बिंदू ४० ते ६० मध्येच ठेवतात म्हणून कधी लक्षात आलं नसावं. पण १.८९ का? सरासरीने चूक कमी व्हायला हवी ना, वाढली कशी?

जुना_लॅबवाला_भुसावळ

सरासरीने दोन टोकांमधला फरक जातो, बेरीज राहते. α आणि β मिळून २.१८ सेंटीमीटर. सरासरीत दोन्ही बाजूंना त्याचे अर्धे-अर्धे, म्हणजे १.०९ चा तोटा. बिंदू मध्यावर असेल तर पन्नासात १.०९ दोन्हीकडे सारखा, म्हणून गुणोत्तर बिघडत नाही. पण १६ मध्ये १.०९ आणि ८४ मध्ये १.०९ हे सारखं नाही. ताईंच्या डाव्या टोकाची चूक ०.७९ होती, ती सरासरीत १.०९ झाली, म्हणून उत्तर आणखी खाली गेलं.

ताई, एक शंका बाकी आहे. १ ओहमच्या कॉइलला जोडलेल्या वायरींचा रोध ०.०२ जरी असला तरी दोन टक्के होतात. मग तुमचा α टोकांचा नसून वायरींचा असू शकतो. P = १० आणि Q = १०० घेऊन पुन्हा करा. गुणोत्तर तेच, पण वायरींचा वाटा दहापट कमी. सुई थोडी सुस्त होईल, सांभाळून घ्या. α तोच आला तर वायरी निर्दोष.

शिरपूरकर_ताई

केलं. ८.५ आणि ९२.०. α = ०.७८, β = १.२८. म्हणजे वायरी निर्दोष.

सांधे_घासा

मी ज्युनियर कॉलेजात लॅब असिस्टंट होतो. तांब्याच्या पट्टीचा रोध स्वतः नगण्यच असतो, ती जाड असते. खरा रोध सांध्यात असतो. स्क्रू सैल होतात, वर हिरवट-काळा थर बसतो, पावसाळ्यात जास्त. सगळे स्क्रू सोडा, पट्टीची टोकं आणि स्क्रूखालच्या जागा बारीक सँडपेपरने चकाकेपर्यंत घासा, कोरड्या फडक्याने पुसा, घट्ट आवळा. तारेवर मात्र सँडपेपर चालवू नका, जाडी एकसारखी राहणार नाही.

जुना_लॅबवाला_भुसावळ

सहमत. फक्त एक भर. β हा α पेक्षा मोठा दिसतो म्हणून उजवा सांधाच खराब असं लगेच समजू नका. फुटपट्टीवरचा शून्य तारेच्या सुरुवातीशी जुळत नसेल तर एका बाजूला जेवढी भर पडते तेवढीच दुसऱ्या बाजूला वजा होते. म्हणून α आणि β वेगवेगळे बघून काही ठरत नाही. बेरजेवर मात्र फुटपट्टी सरकल्याचा परिणाम होत नाही. साफ केल्यावर बेरीज कमी झाली तर तेवढा दोष सांध्यांचा.

शिरपूरकर_ताई

आज सकाळी साफ केलं, दोन तास गेले. उजव्या टोकाच्या स्क्रूखाली खरंच काळी परत होती. पुन्हा P = १०, Q = १०० ने: l₁ = ८.८, l₂ = ९१.६.

α = ०.४०, β = ०.८०, बेरीज १.२०. आधी २.१८ होती.

म्हणजे जवळजवळ एक सेंटीमीटर तारेएवढा रोध नुसत्या मळाचा होता. X सुद्धा परत मोजला, २.०० च येतो. पण बेरजेतले १.२० आणि दोन टोकांतला ०.४० चा फरक अजून आहे. वाचन मिलिमीटरने चुकलं तर α मध्येच ०.१ चा फरक पडतो हे मी गणित करून पाहिलं, तरी ०.४० त्यात पूर्ण बसत नाही. उजवीकडे तार एका पितळी पट्टीखाली शिरते, तिचं टोक नेमकं कुठे संपतं ते दिसत नाही.

सांधे_घासा

तिथे झाळलेलं असेल तर उकलू नका ताई, पुन्हा तसं बसत नाही.

केळीबाग_रावेर

आमच्याकडे काल तिन्ही फेज मोजल्या, ०.४ वजा करून १.७, १.७, १.८. बठ्ठं बरोबर शे असं वायरमन म्हणतो. धन्यवाद सर.

जुना_लॅबवाला_भुसावळ

ताई, झाळ काढू नका. शून्याजवळ आणि शंभराजवळ तारेचा उघडा भाग भिंग लावून फुटपट्टीशी ताडून बघा. डावीकडे तार शून्याच्या आधी किती सुरू होते हे तरी दिसेल. ते मिळालं की इथे टाका, उजव्या टोकाचं मग बघू.