विषय: दहा टक्क्यांची मर्यादा

"एका वेळी दहा टक्क्यांहून जास्त माणसं रजेवर नकोत, एवढा एकच नियम पुरे नाही का?"

ऑफिसात पुरेल, गळीत हंगामात नाही. आमच्या बेळगाव-खानापूर पट्ट्यातल्या साखर कारखान्यांत मर्यादा एकूण डोक्यांवर नाही, जागेवर लावावी लागते. बॉयलर अटेंडंटच घ्या. त्याला प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे गेटवरचा माणूस उचलून तिथं उभा करता येत नाही. तीन पाळ्यांना एकेक धरला तर आठवड्याला २१ पाळ्या. एक रिलिव्हर धरून चार जण, प्रत्येकाला साप्ताहिक सुट्टी, म्हणजे हातात २४ पाळ्या. शिल्लक फक्त तीन. तेव्हा या जागेवर सगळ्यांची मिळून आठवड्याला तीन दिवस रजा, त्यापुढं नाही. एक जण पूर्ण आठवडा गेला की उरतात १८ पाळ्या, आणि उरलेल्या तिघांच्या सुट्ट्या मोडतात. हजेरीपत्रकात सलग डबल पाळ्या दिसू लागल्या की समजा, मर्यादा कधीच ओलांडलीय.

कॅलेंडर आखताना आधी दिवाळी आणि सौंदत्तीच्या यल्लम्माच्या यात्रा, म्हणजे मार्गशीर्ष आणि माघ पौर्णिमा, खुणावून घ्यायच्या. तिथं अर्ज एकदम येतात, म्हणून दिवाळी ज्याला मिळाली त्याला माघ नाही, अशी आळीपाळी ठरवायची. आणि साफसफाईचा बंद विसरू नका. त्या दिवसांत साखर शिजवणाऱ्या पॅनमनला खुशाल सोडा, पण फिटरला अजिबात नाही, त्याचं खरं काम तेव्हाच असतं. (आमच्याकडं हे दरवर्षी नव्यानं भांडून ठरतं, ते वेगळं!)