‘आणि’च्या आधीचा स्वल्पविराम: कुणाचं काय अडतंय?

उद्यमबागवाला (मूळ पोस्ट): ऑफिसच्या मेलमध्ये ‘आणि’च्या आधी स्वल्पविराम दिला काय, नाही दिला काय, कुणाचं अडतंय? वाचणाऱ्याला अक्कल असते की. उगीच शुद्धलेखनाचे पोलीस होऊ नका.

नंदगडचा क्लार्क: माझं अडलं, म्हणून लिहितोय. मी एका पतसंस्थेच्या शाखेत आहे. ऑडिटच्या आधी मुख्य कार्यालयातून मेल आला: “खानापूर, नंदगड, आणि बिडी शाखांनी शनिवारी कर्ज, ठेव, तारण आणि मूल्यांकन रजिस्टर घेऊन यावे.” शाखांच्या नावांत ‘आणि’आधी स्वल्पविराम आहे, रजिस्टरांत नाही. मला वाटलं, साहेब वेगळ्या गोष्टी तोडून लिहितात. म्हणजे इथं तोडलं नाही, तर तारण-मूल्यांकन एकच रजिस्टर. आमच्याकडं दोन्ही नोंदी एकत्र असलेलं एक जुनं रजिस्टर होतंच, तेच उचललं. चालू मूल्यांकन रजिस्टर नंदगडला कपाटात. बेळगावात पोचल्यावर पहिला प्रश्न तोच. दुपारच्या बसने परत गेलो, संध्याकाळी पुन्हा आलो.

उद्यमबागवाला: फोन करून विचारायचं होतं, लेका!

नंदगडचा क्लार्क: शंका आली असती तर केला असता. दोन ओळींत दोन पद्धती बघून मला खात्रीच झाली, हाच तर घोळ आहे.

मास्तर_निपाणी: मराठीत ‘आणि’आधी स्वल्पविराम देतच नाहीत. हे इंग्रजी मेल लिहून लिहून लागलेलं खूळ. मी तीस वर्षं मुलांच्या वह्यांतले हे टिंबशेपूट लाल पेनाने खोडलेत.

वडगावची वैशाली: मास्तर, विरामचिन्हंच मुळात इंग्रजीवरून आली मराठीत, मेजर कँडीच्या काळात. खूळ म्हणायचं तर सगळंच खूळ.

उद्यमबागवाला: आम्हाला तर वरून पत्र कन्नडमध्ये येतं, त्यात ‘आणि’च्या जागी ‘मत्तु’. स्वल्पविराम राहू दे, आधी मराठीत पत्र तरी द्या म्हणावं. तालुक्यात 15 टक्के मराठी लोक असले की मराठीतही कागद द्यायचा, हा नियम कागदावरच राहिला.

मास्तर_निपाणी: ते बरोबर बोललात. आमच्या तालुक्यात पाटी वाचायला सुद्धा

खडेबाजारचा: 😡 सुरू झालं! कन्नड येत नसेल तर शिका की, इथंच जन्मलात ना?

उद्यमबागवाला: येतं हो, तुमच्यापेक्षा चांगलं येतं. प्रश्न हक्काचा आहे.

(इथून पुढचे एकोणीस प्रतिसाद याच वादाचे, मी गाळतोय. एकाने मध्येच कुंद्याचा भाव विचारला.)

वकील_चिकोडी: मूळ मुद्द्यावर येऊ का? अमेरिकेत मेन राज्यात दुधाच्या ट्रकचे ड्रायव्हर ओव्हरटाइमसाठी कोर्टात गेले होते. कायद्यात ओव्हरटाइममधून वगळलेल्या कामांची यादी होती, शेवटी “वाहतुकीसाठी पॅकिंग किंवा वितरण”. ‘किंवा’आधी स्वल्पविराम नाही. ड्रायव्हर पॅकिंग करत नव्हते, वितरण करत होते. त्यांचं म्हणणं, मूळ इंग्रजीत याचा अर्थ ‘वाहतुकीसाठी किंवा वितरणासाठी पॅकिंग’ असाही होतो, म्हणजे हे सगळं पॅकिंगचंच वर्णन, वितरण हे यादीतलं वेगळं काम नाही.

मास्तर_निपाणी: आणि कोर्टाने स्वल्पविराम सक्तीचा केला. वाचलंय मी.

वकील_चिकोडी: नाही. 2017 मध्ये अपील कोर्टाने एवढंच म्हटलं की वाक्य संदिग्ध आहे, आणि कायद्याचा हेतू बघून ड्रायव्हरांच्या बाजूने अर्थ लावला. पुढं 50 लाख डॉलरवर तडजोड झाली. गंमत म्हणजे त्या राज्याच्या कायदा लिहिण्याच्या नियमावलीतच असा स्वल्पविराम टाळा असं होतं. कंपनीने तोच मुद्दा मांडला होता. नंतर यादी बदलली तेव्हा अर्धविराम घातले.

वडगावची वैशाली: मग नेहमी स्वल्पविराम दिला की झालं?

वकील_चिकोडी: तसंही नाही. “बैठकीला सचिव, देसाई, आणि कुलकर्णी येतील.” माणसं किती? तीन, की देसाई हेच सचिव, म्हणून दोन? इथं स्वल्पविरामानेच घोळ वाढतो. क्लार्कसाहेबांच्या मेलमध्ये मी “तारण रजिस्टर, मूल्यांकन रजिस्टर” असं नाम दोनदा लिहिलं असतं. नाहीतर एका ओळीत एक रजिस्टर. तारखा “6, 13 आणि 20” असतील तर तिथं काही बिघडत नाही, पण वर शाखांत स्वल्पविराम दिला असेल तर इथंही द्या. एकाच मेलमध्ये पद्धत बदलली की वाचणारा त्यात अर्थ शोधतो. तुमच्या नंदगडमध्ये तेच झालं.

उद्यमबागवाला: बरं बाबा. नाम दोनदा लिहा, हे पटलं. स्वल्पविरामाचं नाही.

मास्तर_निपाणी: पण “कर्ज, ठेव” नंतर ‘आणि’ नाही, म्हणजे शेवटचं ‘आणि’ यादीचंच. मग चारच रजिस्टर ठरतात. मुलगा चुकलाच.

नंदगडचा क्लार्क: मास्तर, मी त्रेचाळीस वर्षांचा आहे.

वकील_चिकोडी: मास्तरांचा मुद्दा कंपनीनेही मांडला होता. चुकीचा नव्हता, पुरेसा नव्हता.

नंदगडचा क्लार्क: कालच नवा मेल आलाय: “सोमवारी नंदगड, बिडी आणि खानापूरचे, मॅनेजर व क्लार्क हजर.” आता हे सगळे क्लार्क, की फक्त खानापूरचे?